डावा कोपरा

चादरीला कोपरे चार असतात, पण लाँड्रीत दोनच मोजतात. डावा आणि उजवा. ओली चादर दोघींनी दोन कोपऱ्यांना धरायची, ताणायची, झटकायची आणि तापलेल्या रोलरच्या तोंडाशी सरळ रेषेत द्यायची. एकीचा हात मागे-पुढे झाला की चादर तिरकी जाते, तिरकी गेली की गोळा होते, आणि गोळा झाली की सुपरवायझर शिट्टी वाजवतो. म्हणून त्याचं नाव शिट्टीसाहेब. तोंडावर नुसतं साहेब.

दोन नंबरच्या रोलरवर डावा कोपरा मावशींचा. सगळी लाँड्री त्यांना घडीमावशी म्हणायची, कारण त्यांनी घातलेली घडी उलगडायला माणसाचा जीव होत नसे. मोठमोठ्या हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे पडदे, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. आयुष्य उभ्यानं गेलं. गुडघे आता बोलायला लागले होते, आणि मावशी त्यांना उत्तरंही द्यायच्या. "हो रे बाबा, बसते हं जेवणाच्या सुट्टीत," असं पुटपुटताना नव्या मुलींनी त्यांना ऐकलं होतं.

उजवा कोपरा त्यांच्या जोडीदारणीचा. ही बाई वयानं लहान, तोंडानं मोठी. दोघींची जोडी इतकी मुरलेली की रोलरवर बोलायला लागायचं नाही. एकदा कधीतरी जोडीदारणीनं आपल्या फोनमध्ये मावशींचा नंबर घातला आणि नाव टाकलं 'डावा कोपरा'. मावशींनी ते बघितलं आणि हसून हसून खोकला लागला. मग त्यांनीही हट्टानं तिला 'उजवा कोपरा' करून टाकलं. हा दोघींचाच विनोद. तिसऱ्या माणसाला सांगावा इतका तो मोठाही नव्हता.

पुढं जे झालं ते या नावावरूनच झालं.

रोलरच्या तोंडावर एक लोखंडी पट्टी असते. तिला बोट लागलं की रोलर जागच्या जागी थांबतो. पट्टी बोटांची राखणदार. पण जाड शिवणीची चादर आली की तीही पट्टीला लागायची, रोलर थांबायचा, आणि हॉटेलांना माल द्यायला उशीर व्हायचा. एका सकाळी मावशी कामावर आल्या तर पट्टी जागेवर नव्हती. चार स्क्रूंची भोकं तेवढी उघड्या डोळ्यांसारखी बघत होती.

"दुरुस्तीला दिलीय," शिट्टीसाहेब म्हणाला.

"दुरुस्तीला दिलीय की माहेरी धाडलीय?" जोडीदारीण म्हणाली. पट्टी काही परत आली नाही. आली ती दुसऱ्या शिफ्टमधल्या एका नव्या पोरीवर वेळ. तिचा हात रोलरखाली गेला आणि कातडी मनगटापर्यंत भाजून सोलवटली. तिला रिक्षात घालून नेलं, आणि मागे उरलेल्यांना सांगितलं, "बघून काम करा."

त्याच आठवड्यात व्हॉट्सॲपवर एक चॅनेल सुरू झालं. नाव 'वाफ'. एकीनं दुसरीला लिंक दिली, दुसरीनं तिसरीला. कोण चालवतं ते दिसत नव्हतं. चॅनेलवर चालवणाऱ्याचं नाव नाही, नंबर नाही, फोटो नाही. फक्त मजकूर यायचा. पहिलाच होता: 'दोन नंबरच्या रोलरची पट्टी नाही. हात आपले आहेत. परत मिळत नाहीत.' खाली फोटो. रोलरचं तोंड, रिकामी भोकं, सगळं स्वच्छ.

मावशींनी 'फॉलो'चं बटण दाबलं. पुढं चार दिवस काही आवाज आला नाही, तेव्हा त्यांना वाटलं फोन बिघडला. घरी नवऱ्याला विचारलं. त्याला फोनमधलं कळायचं ते त्यांच्याइतकंच, पण चष्मा नवा होता.

"अगं, चॅनेल आधीपासूनच मुकं असतं. इथं बघ, ही घंटा. ही चालू केलीस तर वाजेल."

"आणि ती चालू केली ते त्यांना कळतं?"

"तुझी घंटा, तुझा कान. त्यांना काय करायचंय?"

घंटा चालू झाली. आणि नव्या उत्साहात मावशींनी तो पट्टीचा फोटो आपल्या धाकट्या बहिणीला पुढं पाठवला. मनात होतं ते एवढंच, की बघ बाई, आम्ही कशात काम करतो. बहिणीचा नवरा त्याच लाँड्रीची व्हॅन चालवायचा. ती नोकरी मावशींनीच शब्द टाकून लावून दिली होती. तेव्हा घरातली गोष्ट घरात, असं त्यांना वाटलं.

पण पुढं पाठवलेला चॅनेलचा मजकूर एकटा जात नाही. त्याच्या डोक्यावर चॅनेलचं नाव असतं, आणि त्या नावावर बोट ठेवलं की थेट चॅनेल उघडतं. मावशींना वाटलं आपण बहिणीच्या कानात कुजबुजलो. प्रत्यक्षात त्यांनी तिच्या हातात घराचा पत्ता दिला होता.

बहिणीनं नवऱ्याला दाखवला. नवऱ्यानं गाडीत माल भरताना शिट्टीसाहेबाला दाखवला. म्हणे सहज.

सोमवारी शिट्टीसाहेबानं सगळ्या बायकांना घडीच्या टेबलापाशी उभं केलं.

"'वाफ' नावाचं काहीतरी चालू आहे म्हणे," तो म्हणाला. "चालवणाऱ्याला मी शोधणार. आणि बघणाऱ्यांनाही. सगळ्यांची नावं माझ्याकडे येणार आहेत. ज्यांना काम हवंय त्यांनी विचार करा."

तो केबिनमध्ये गेला, आणि टेबलाभोवती मधमाश्यांचं मोहोळ उठलं.

"माझं नाव असेल का गं? मी तर काही लिहिलंच नाही."

"मी आवाज बंद केलाय. म्यूट केलं की नाव जातं ना?"

"म्यूटनं आवाज जातो, नाव नाही," जोडीदारीण टॉवेल मोजता मोजता म्हणाली. "म्यूट केलं काय, नाही केलं काय, ते आपल्या फोनपुरतं. चालवणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो."

"मग सोडून देते बाई. पण सोडलं की सगळ्यांना येतं ना, अमुक अमुक बाहेर पडली म्हणून?"

"तो ग्रुप. चॅनेलचं तसं नसतं. अनफॉलो केलंस तर कुणाला निरोप जात नाही. आकडा एकानं कमी होतो, बस."

"आणि हा म्हणतो नावं येणार?"

"त्याला कुठून येणार? फॉलो करणाऱ्या एकमेकींना दिसत नाहीत. दिसतात ते फक्त ॲडमिनला. त्यालाही नंबर दिसत नाही. तू स्वतःचं जे नाव ठेवलंयस ते दिसतं, आणि फोटो सगळ्यांना दाखवत असशील तर फोटो. ज्यांचा नंबर त्याच्या फोनमध्ये आधीच असेल ती नावं मात्र दिसतात. त्यानं जशी घातली असतील तशीच."

"तुला गं कसं एवढं माहीत?" एकीनं विचारलं.

"माझा भाचा सांगतो," ती म्हणाली, आणि टॉवेल मोजताना चुकली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मावशींना ते दिसलं. ती बाई मोजणीत कधी चुकायची नाही.

त्या संध्याकाळी चॅनेलवरून तो फोटो गेला. चालवणाऱ्यानं काढून टाकला होता. पण मावशींच्या बहिणीच्या फोनमध्ये त्याची पुढं गेलेली प्रत तशीच होती, आणि तिथून शिट्टीसाहेबाच्या फोनमध्येही. उंबऱ्याबाहेर गेलेली गोष्ट उंबरा पुसून परत येत नाही.

दोन दिवसांनी शिट्टीसाहेबानं मावशींना केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची पुढं केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"बसा मावशी. गुडघे कसे आहेत?"

"आहेत जागेवर."

"मोजणीचं टेबल रिकामं होतंय. बसून काम. तुमच्या वयाला तेच बरं. मी वर बोललोय."

मावशी खुर्चीच्या कडेला टेकल्या. फुकटात मिळालेली खुर्ची त्यांना टोचत होती.

"एक मदत हवीय," तो म्हणाला, आणि आपला फोन त्यांच्यासमोर धरला. फोनवर फोटो होता, दुसऱ्याच कुणाच्या तरी फोनच्या पडद्याचा काढलेला. नावांची रांग. "ही त्या चॅनेलची मंडळी. नंबर एकाचाही नाही. नावं बघा कसली. फुलपाखरू. शांत रहा. आईची लाडकी. अशी माणसं मी कामावर घेतलीत का? तुम्ही सगळ्यांना ओळखता. कोण कोण ते सांगा, उद्यापासून टेबल तुमचं."

मावशींनी नाकावरचा चष्मा सारखा केला. फुलपाखरू म्हणजे घडीच्या टेबलावरची गोल चेहऱ्याची पोर, डबा खाताना फुलपाखरांचे व्हिडिओ बघते ती. आईची लाडकी कोण, ते तर आंधळ्यालाही कळलं असतं. बोट खाली सरकलं. आणि थांबलं.

'डावा कोपरा.'

मावशी फोनवर वाकल्या. हे नाव जगात एकाच फोनमध्ये होतं. ज्या पडद्याचा हा फोटो होता तो पडदा त्यांना आता ओळखू आला, कोपऱ्यातल्या तड्यासकट.

"हे काय?" शिट्टीसाहेबानं तिथंच बोट ठेवलं. "डावा कोपरा. माणूस आहे की फर्निचर?"

"ही यादी कुणी दिली तुम्हाला?"

"ते तुम्हाला कशाला? मिळाली."

"मला जरा वेळ द्या. चष्मा जुना झालाय," मावशी म्हणाल्या. चष्मा जुना होताच. खोटं बोलावं लागलं नाही.

"उद्यापर्यंत," तो म्हणाला.

रोलरवर परत आल्यावर मावशींनी डावा कोपरा धरला. चादर ताणली. रोलरचा आवाज असा की बाजूच्याला ऐकू जात नाही. दोघींना एकमेकींचे ओठ वाचायची सवय होती.

"तू चालवतेस," मावशी म्हणाल्या.

जोडीदारणीनं चादर झटकली. "कोण म्हणालं?"

"मी त्याच्या फोनवर माझं नाव वाचलं. तू घातलेलं."

चादर तिरकी गेली. बऱ्याच महिन्यांनी गेली. लांबून शिट्टी वाजली. दोघींनी ती ओढून काढली आणि नवी धरली.

"दिलीस तू यादी?"

"दिली नाही. दाखवावी लागली." तिचे ओठ कोरडे पडले होते. "त्यानं मला बोलावलं आणि तो फोटो समोर धरला. म्हणाला, हा कुठून काढलाय बघ. रोलर उजवीकडून दिसतोय. उजवीकडे कोण उभं राहतं? मी फोटो काढला तेव्हा बाकी सगळं झाकलं, मावशी. नाव झाकलं, नंबर झाकला. स्वतःची जागा झाकायची राहिली."

"मग?"

"म्हणाला, फोन उघड, नाहीतर आत्ताच्या आत्ता घरी. तुला ठाऊक आहे घरी मी एकटी कमावते. उघडला. त्यानं फोटो काढून घेतले. वर म्हणतो, चॅनेल चालू ठेव, मला कळत राहील. एवढं मात्र मी केलं, त्यानं डावा कोपरा कोण विचारलं तर म्हटलं, आठवत नाही."

"माझ्यासाठी?"

"मग कुणासाठी?"

मावशींनी चादर सोडली नाही. पण एक प्रश्न आता विचारणं भाग होतं. "त्याला चॅनेल सापडलं कसं गं?"

"कुणीतरी पुढं पाठवलं. कुणी ते मला दिसत नाही. ॲडमिनला तेवढं दिसत नाही." ती मावशींकडे बघत राहिली. "का?"

रोलरनं चादर गिळली. दुसऱ्या बाजूला कोरडी, सपाट, गरम होऊन बाहेर पडली.

"मी," मावशी म्हणाल्या. "बहिणीला."

जोडीदारणीला ओठ वाचता आले. तिनं दुसरी चादर उचलली, कोपरा शोधला, आणि दुसरा कोपरा मावशींकडे फेकला. थोडा जोरात. शिफ्ट संपेपर्यंत दोघींच्या चादरी सरळ गेल्या, पण तिनं मावशींच्या ओठांकडे पाहिलं नाही.

घरी जाताना मावशी बहिणीकडे वळल्या. चपला बाहेर काढल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या.

"तुझ्या नवऱ्याला म्हणावं, गाडी चालव. जीभ नको."

"अगं ताई, त्यांना काय माहीत असं होईल? तूच पाठवलंस ना?"

"हो. मीच पाठवलं." बहिणीनं चहाचं विचारलं. मावशी जिना उतरून गेल्या.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भाकरी मोडायचा थांबला. "मग त्या चॅनेलमधून निघ आता. कुणाला कळत नाही म्हणतेस ना?"

"निघाले तर पुढच्या यादीत नसेन. पण त्यानं काढलेल्या फोटोत आहेच. तो फोटो थोडाच माझं ऐकून बदलणार?"

"मग गप्प राहा. डावा कोपरा कोण ते त्याला जन्मात कळायचं नाही."

"नाही कळायचं. मग तो फुलपाखराच्या मागे लागेल. मला विचारलं तसं उद्या दुसरीला विचारेल, आणि तिला खुर्ची हवी असेल."

"आणि तुला नकोय?"

मावशींनी गुडघ्यावर हात ठेवला. "हवीय रे," त्या म्हणाल्या. "फार हवीय."

सकाळी फाटकाशीच त्यांनी गोल चेहऱ्याच्या पोरीला बाजूला घेतलं. "फोनमधलं तुझं नाव बदल. फुलपाखरू काढ, काहीही ठेव. आणि डबा खाताना ते व्हिडिओ बघू नकोस काही दिवस." पोरीला अर्धं कळलं, पण ती पांढरी पडली, म्हणजे पुरेसं कळलं होतं.

मग मावशी केबिनमध्ये गेल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत.

"सांगा मावशी," शिट्टीसाहेब म्हणाला. फोन तयारच होता.

"यातली दोन नावं मला ओळखू येतात."

"बोला."

"हा 'सुसाट'. व्हॅनच्या काचेवरही हेच लिहिलंय बघा, हा तुमचा ड्रायव्हर. माझा मेहुणाच आहे. तुम्ही सांगितलं म्हणून फॉलो करतोय, की स्वतःच्या मर्जीनं, ते त्याला विचारा."

शिट्टीसाहेबाच्या कपाळावर आठी पडली. "आणि दुसरं?"

"डावा कोपरा. ती मी."

तो हसला. त्याला खरंच हसू आलं. "तुम्ही? मावशी, उगाच कुणाला पाठीशी घालू नका. तुम्हाला चॅनेल म्हणजे काय ते तरी माहीत आहे का?"

"दोन नंबरचा डावा कोपरा कोण धरतं, साहेब?"

हसू ओसरलं. त्यानं फोनकडे पाहिलं, मग काचेतून रोलरकडे. उजव्या बाजूला जोडीदारीण एकटीच ओली चादर हातात घेऊन उभी होती. डावं टोक जमिनीवर लोळत होतं.

"बाकीची नावं?"

"बाकीच्यांची नावं त्यांनी स्वतः ठेवलीत. त्यांना विचारा, सांगावंसं वाटलं तर सांगतील. आणि पट्टी कधी बसवताय तेवढं सांगा, म्हणजे मीही कुणाला काही पाठवणार नाही."

"उद्यापासून येऊ नका," शिट्टीसाहेब म्हणाला. आवाज चढला नव्हता. तो मावशींकडे बघतही नव्हता.

"आजचा माल?"

मावशी रोलरवर गेल्या, जमिनीवरचं टोक उचललं, मळलं होतं म्हणून ती चादर धुण्याच्या ढिगात टाकली आणि नवी घेतली.

"सांगितलं मी," त्यांचे ओठ म्हणाले.

"काय?"

"माझं. तुझं तर त्याला आधीच माहीत होतं."

"कशाला गं? मी लपवलं होतं ना तुला." जोडीदारणीच्या डोळ्यांत पाणी आलं. वाफेत ते कुणाला दिसलं नसतं, पण मावशी चादरभर अंतरावर होत्या.

"ताण नीट धर," मावशी म्हणाल्या. "तिरकी जाईल."

पुढचे दिवस घर मोठं झालं. सकाळी उठायचं आणि उठून काय करायचं ते ठरवायचं, हे मावशींना जमत नव्हतं. घरातल्या सगळ्या चादरी त्यांनी इस्त्री केल्या. मग शेजारणीच्या केल्या. गुडघे विसावले होते आणि त्याचंच वाईट वाटत होतं. 'वाफ' गप्प होतं. फोन हातात घेऊन त्या चॅनेल उघडायच्या, ते तीन ठिपके दाबायच्या, 'अनफॉलो' वाचायच्या आणि परत यायच्या. निघालो तरी कुणाला निरोप जाणार नाही. पण एक बाई कधीतरी यादी उघडून बघेल, आणि डावा कोपरा त्यात नसेल.

एका दुपारी घंटा वाजली.

मावशींनी चष्मा शोधला. चॅनेलवर फोटो होता. दोन नंबरचा रोलर. पट्टी अजून नव्हती, भोकं तशीच उघडी. मजकूर नव्हता, एक ओळसुद्धा नाही. त्यांनी फोटो मोठा केला, इकडून तिकडे सरकवला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला हे दृश्य पाठ आहे. इतकी वर्षं रोज बघितलेलं. रोलर डावीकडून दिसत होता.

उजवीकडची बाई हातातली चादर ठेवून, रोलरला वळसा घालून, त्यांच्या जागेवर येऊन उभी राहिली होती. किंवा तिथं आता दुसरीच कुणी होती आणि तिनं काढून दिला होता. शिट्टीसाहेबाच्या फोनमध्येही या क्षणी हाच फोटो असणार. तो काचेतून डाव्या कोपऱ्याकडे बघत असणार.

"कुणाचं गं?" नवऱ्यानं आतून विचारलं.

"कामाचं," मावशी म्हणाल्या.

त्यांनी फोटोवर बोट दाबून धरलं. पुढं पाठवायचा बाण आला. बहिणीचं नाव पहिलंच होतं. मावशींना आता ठाऊक होतं की फोटोबरोबर चॅनेलचं नाव जाईल, दार जाईल, आणि त्या दारातून कुणीही आत येईल. पाठवणारीचं नाव तिथं चालवणारीला दिसणार नाही. बहिणीला मात्र दिसेल, आणि तिच्या नवऱ्याला.

मग त्यांनी बहिणीचं नाव सोडलं आणि यादीत खाली शोधायला लागल्या. भाजलेल्या हाताच्या त्या नव्या पोरीचा नंबर कुठंतरी असायला हवा होता. तिला काय म्हणून घातलं होतं, तेच आठवेना.